बाण कुठून निघाला?

इंग्लंडमधल्या ए-लेव्हल रसायनशास्त्राच्या पेपरात प्रोपीन आणि हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया विचारली, की नुसतं उत्तर लिहून भागत नाही. इलेक्ट्रॉन कसे सरकले, ते वाकड्या बाणांनी दाखवावं लागतं. ही बाणांची पद्धत रॉबर्ट रॉबिन्सन यांनी 1922च्या सुमारास रूढ केली.

अशा प्रश्नाला सहसा चार गुण असतात. पहिला बाण दुहेरी बंधापासून हायड्रोजनकडे, दुसरा हायड्रोजन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. तिसरा गुण मधल्या कार्बनवर धनभार दाखवण्याचा. चौथा गुण ब्रोमाइडच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीपासून त्या कार्बनकडे जाणाऱ्या बाणाचा.

सर्वांत जास्त घसरगुंडी पहिल्याच बाणावर होते. हायड्रोजन ‘हल्ला करतो’ असं मनात धरून मुलं बाण त्याच्यापासून काढतात. पण बाण इलेक्ट्रॉनांचा असतो, अणूचा नव्हे. तो गुण जातो, बाकीचे तीन मिळू शकतात.

धनभार टोकाच्या कार्बनवर काढला, तर? तो कार्बोकॅटायन कमी स्थिर, म्हणून तिसरा गुण गेला. पुढचा बाण त्या चुकीच्या कार्बनकडे नीट नेला असेल, तर परीक्षक बहुधा चौथा देतो: एकाच चुकीची शिक्षा दोनदा नाही. उलट, 2-ब्रोमोप्रोपेन अचूक लिहून बाणच न काढणाऱ्याच्या हाती जवळपास काहीच लागत नाही.