‘निपाणी मध्ये’ की ‘निपाणीमध्ये’?

मंडळाच्या अंकासाठी आलेले निबंध मी छापण्याआधी तपासते. मुद्रितशोधन म्हणजे फक्त ऱ्हस्व-दीर्घ, असा अनेकांचा समज आहे. पण आपल्याकडच्या लेखनात जास्त वेळ खातात ते तुटलेले शब्द. नमुन्यासाठी मी एक परिच्छेद तयार केला आहे:

‘१९८१ साली निपाणी मध्ये तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे आंदोलन झाले . बातमी बेळगांव मध्ये ही पोचली. आजोबांच्या घरा समोर हायवे होता , तो अडवला. मागे एकदा त्यांनी ते दु:ख सांगितलं.निप्पाणीचा बाजार तेव्हा बंद होता.’

सगळ्या चुका एकाच वाचनात पकडायला गेलं की निम्म्या सुटतात. मी तीनदा वाचते, दर वेळी एकच गोष्ट बघत.

पहिल्या वाचनात नावं. इथे एकाच गावाची ‘निपाणी’ आणि ‘निप्पाणी’ अशी दोन रूपं आहेत. दुसरं कन्नड रूपावरून येतं. मराठी लेखात ‘निपाणी’ ठेवायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. ‘बेळगांव’वरचा अनुस्वार उच्चारात नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी असे अनुस्वार काढून टाकले, म्हणून ‘बेळगाव’. मात्र कुणाचं आडनाव ‘गांवकर’ असेल, किंवा जुन्या पुस्तकाच्या नावात ‘बेळगांव’ असेल, तर तिथे हात लावायचा नाही. ‘बेळगाव’ लिहायचं की २०१४ पासूनचं सरकारी ‘बेळगावी’, हा प्रश्न तर शुद्धलेखनाचा नाहीच. आपल्या भागात त्या निवडीला अर्थ आहे. ती लेखकाची निवड. दोन्ही रूपं मिसळली असतील तर मी त्यालाच विचारते.

दुसऱ्या वाचनात जोडशब्द. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहितात. ते तोडण्याचा दोष कन्नडला देता येत नाही, कारण कन्नडमध्येही ‘बेळगावियल्लि’ असं जोडूनच लिहितात. हिंदीत ‘निपाणी में’ सुटं असतं, ती सवय लागते. शिवाय मोबाइलवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा सुटते, आणि ‘मध्ये’ वेगळं पडतं.

‘घरा समोर’ ओळखणं सोपं आहे. ‘घरा’ हे सामान्यरूप आहे, ते एकटं उभं राहत नाही. ‘निपाणी’चं रूप मात्र बदलत नाही, म्हणून फसायला होतं. अशा वेळी त्या जागी ‘शाळा’ घालून बघा. ‘शाळेमध्ये’ होतं, म्हणजे ‘निपाणीमध्ये’ जोडायचं. ‘बाजार मागे राहिला’ याचं ‘शाळा मागे राहिली’ होतं. शाळा बदलली नाही, म्हणून ‘मागे’ सुटं. ‘तो बाजारामागे राहिला’ याचं ‘शाळेमागे’ होतं, म्हणून जोडून. दोन्हींचा अर्थही वेगळा आहे. याच कारणासाठी कॉम्प्युटरवर सगळी ‘मागे’, ‘वर’, ‘मध्ये’ शोधावीत, पण एका झटक्यात जोडू नयेत. आपल्या परिच्छेदातलं ‘मागे एकदा’ चुकून ‘अडवला.मागे’ व्हायचं!

‘ही’चंही तसंच. तिथे ‘सुद्धा’ बसत असेल तर जोडायचं: ‘निपाणीही आंदोलनात होती’. बसत नसेल तर ते सर्वनाम, म्हणून सुटं: ‘निपाणी ही मोठी बाजारपेठ’.

तिसऱ्या वाचनात चिन्हं. पूर्णविराम आणि स्वल्पविराम आधीच्या शब्दाला चिकटून येतात, जागा त्यांच्यानंतर सोडायची. ‘दु:ख’मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाइप झाला आहे. डोळ्याला फरक कळत नाही, पण ‘दुःख’ शोधलं तर हा शब्द सापडत नाही. म्हणून मी सरळ कोलनच शोधते आणि प्रत्येक ठिकाणी तो खरा कोलन आहे का, ते बघते.

जाता जाता आणखी एक. वर ‘झाले’ आहे आणि ‘सांगितलं’ही आहे. दोन्ही रूपं चालतात, पण निवेदनात एकच धरावं. संवादात आणि अवतरणात मात्र मूळ रूप राहू द्यावं. बायबलमधलं वचन असेल तर ज्या आवृत्तीतून घेतलं तिच्याशी ताडून बघावं, आपल्या नियमाने सुधारू नये.

आता परिच्छेद असा होतो:

‘१९८१ साली निपाणीमध्ये तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. बातमी बेळगावमध्येही पोचली. आजोबांच्या घरासमोर हायवे होता, तो अडवला. मागे एकदा त्यांनी ते दुःख सांगितले. निपाणीचा बाजार तेव्हा बंद होता.’

लेखकाचा एकही शब्द बदललेला नाही. पुढच्या अंकासाठी निबंध पाठवण्याआधी निदान ‘शाळा’ घालून एकदा वाचा.