बाई बोलतात, फोन लिहितो

मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. बोटं दुखतात, त्यामुळे आठवणी लिहायच्या राहून गेल्या होत्या. नातवाने फोनमधल्या Gboard कीबोर्डला मराठी भाषा जोडून दिली आणि माइकचं चिन्ह दाखवलं. गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची ही सोय 2017 मध्ये आणली.

पहिल्या दिवशी बाई वर्गात शिकवावं तशा सलग बोलल्या. विचार करायला थांबल्या, तर माइक बंद झाला. पुढचं वाक्य उमटलंच नाही. शिवाय विरामचिन्हांविना सगळा मजकूर एकाच दावणीला बांधलेला. माजघरातलं ‘फडताळ’ झालं ‘फड ताळ’.

मग बाईंनी रीत बदलली. वाक्य आधी मनात जुळवायचं, पंखा बंद करून एका दमात बोलायचं, पडद्यावर उमटलं का पाहायचं आणि पूर्णविराम हाताने द्यायचा. परिच्छेद झाला की मोठ्याने वाचायचा. ऱ्हस्व-दीर्घ मात्र डोळ्यांनीच तपासायचे, कारण ते कानाला कळत नाहीत.

तुम्हीही लिहायला बसाल, तेव्हा गावांची आणि माणसांची नावं त्याच दिवशी दुरुस्त करा. महिन्याने चुकीचं नाव तुम्हालाही ओळखू येणार नाही.