‘एक मिनिट हं’ची किंमत

महिन्याची तीन तारीख. बँकेचं खातं जुळवायचं होतं. एका हाताला बँकेचं स्टेटमेंट, समोर टॅली, आणि बँकेतली एकेक रक्कम बघून मी पेमेंटच्या नोंदी चढवत होते. ‘अठ्ठावीस हजार चारशे साठ’ असं मनात म्हणत बोटं कीबोर्डवर नेली, एवढ्यात मागून आवाज आला, “मॅडम, एकच मिनिट, त्या पॅकिंगवाल्याचा चेक निघाला का?” मी वळले, उत्तर दिलं, परत वळले आणि नोंद केली. एक मिनिटसुद्धा गेलं नसेल.

दुपारी बँक आणि वही यांच्यात ३,६०० रुपयांचा फरक आला. हिशेबाच्या माणसांची एक जुनी युक्ती आहे. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा कुठेतरी दोन शेजारचे आकडे उलटसुलट पडलेले असतात. ३,६०० भागिले ९ म्हणजे ४००. चूक कोणत्या जातीची ते कळलं, पण ती दीडशे नोंदींत कुठे लपली आहे ते शोधायला दीड तास गेला. २८,४६० च्या जागी मी २४,८६० लिहिलं होतं, त्या ‘एकच मिनिट’च्या अगदी पुढच्याच ओळीत.

एका मोठ्या हॉलमध्ये बारा-पंधरा जणांबरोबर बसून काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ओळखीचं आहे. व्यत्ययाची किंमत आपण त्याच्या लांबीवरून मोजतो. विचारायला आलेला माणूसही तशीच मोजतो, म्हणून तो मनापासून ‘एक मिनिट’ म्हणतो. खरी किंमत मात्र तो गेल्यावर सुरू होते.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये यावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो, असं तिने दाखवलं. या उरलेल्या लक्षामुळे दुसरं कामही अर्ध्या मनाने होतं. म्हणजे मला हाक मारणाऱ्यालाही माझं पूर्ण लक्ष मिळत नाही आणि परत आल्यावर बँकेच्या स्टेटमेंटलाही मिळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसात माणसांच्या मागे बसून, घड्याळ हातात घेऊन नोंदी केल्या. तुटलेलं काम त्याच दिवशी पुन्हा हाती घ्यायला सरासरी पंचवीस मिनिटं लागतात, असं त्यांना २००५ मध्ये दिसलं. हा आकडा पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. ‘लक्ष परत लागायला पंचवीस मिनिटं’ असा त्याचा अर्थ नाही. माणूस मूळ कामाकडे थेट परततच नाही, मध्ये आणखी दोन-तीन कामं उरकतो, असा आहे. चेकचं विचारलं म्हणून फाइल काढली, फाइलमध्ये एक बिल दिसलं, त्यासाठी फोन लावला, आणि बँकेचं स्टेटमेंट तसंच उघडं राहिलं. त्यांच्या नोंदींत आणखी एक अडचणीची गोष्ट निघाली: लोक जितक्यांदा दुसऱ्यांमुळे थांबतात, जवळपास तितक्यांदा स्वतःहूनच थांबतात.

ही चूक सापडल्यावर मी पाच दिवस टेबलाच्या कोपऱ्यात एक कोरा कागद ठेवला. कोणी उठवलं की एक रेघ, आणि पुढे दोन शब्द: कशासाठी, आणि तासभर थांबलं असतं का. माझा स्वतःचा मोबाइल उचलला तर दुसऱ्या रकान्यात रेघ. आठवड्याअखेर पहिल्या रकान्यात ७४ रेघा झाल्या. त्यांतल्या ३१ एकाच प्रश्नाच्या होत्या: ‘अमक्याचं पेमेंट गेलं का?’ १७ जण व्हाउचर द्यायला किंवा सही घ्यायला आले होते. आणखी १७ वेळा चहा, डबा, वाढदिवसाची वर्गणी. खरोखर तातडीच्या फक्त ९. गाडी गेटवर उभी आहे आणि ई-वे बिल अडलंय, अशा जातीच्या. दुसऱ्या रकान्याबद्दल एवढंच सांगते की सहकाऱ्यांवर चिडण्याचा माझा हक्क बराच कमी झाला.

कागदाने एक गोष्ट स्पष्ट केली. लोक मला त्रास द्यायला येत नव्हते. त्यांना हवी असलेली माहिती फक्त माझ्या डोक्यात होती, म्हणून ते माझ्याकडे येत होते. खरेदी विभागातल्या मुलाला पुरवठादाराचा फोन यायचा, त्याला उत्तर द्यायचं असायचं, आणि उत्तराची दुसरी जागाच नव्हती. तेव्हा पहिला उपाय माणसाला थांबवण्याचा नव्हता, प्रश्नाला जागा देण्याचा होता. सगळ्यांना उघडता येईल अशी एक साधी शीट केली: पुरवठादार, बिल नंबर, रक्कम, पेमेंटची तारीख. रोज संध्याकाळी चारला ती भरायची, चुकवायची नाही. ही अट महत्त्वाची आहे. शीट दोन दिवस शिळी राहिली की लोक पुन्हा टेबलाशी येतात, कारण तिच्यावरचा विश्वास उडतो. व्हाउचरसाठी टेबलाच्या कडेला एक ट्रे ठेवला. दुपारी बारा आणि साडेचार, दोनदा तो रिकामा करायचा. एवढ्याने निम्म्याहून जास्त रेघा गेल्या.

उरलेल्यांसाठी वेळ बांधून घ्यावी लागली. इथे बहुतेक जण हेडफोन लावतात आणि तिथेच फसतात. हेडफोन म्हणजे एकट्याने केलेला ठराव. कोणाला वाटतं गाणी ऐकतेय, कोणी खांद्यावर टकटक करतं, आणि साहेबांना तर तो दिसतच नाही. वेळ सगळ्यांनी मिळून ठरवली तरच टिकते, याचा एक नामांकित दाखला आहे. लेस्ली पर्लो यांनी १९९९ मध्ये एका अमेरिकन कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसा एकमेकांच्या मदतीत आणि धावपळीत वेळ जायचा, स्वतःचं काम रात्री नाहीतर सुट्टीच्या दिवशी. त्यांनी आठवड्यातल्या तीन दिवशी दुपारी बारापर्यंत ‘शांत वेळ’ ठरवून दिली. त्या वेळात कोणी कोणाला काही विचारायचं नाही, नंतर हवं तेवढं विचारा. त्यांचं उत्पादन ठरल्या तारखेला बाजारात गेलं. तिथे हे क्वचितच घडायचं.

आम्ही साडेदहा ते बारा एवढीच वेळ घेतली, तीही महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात. दोन गोष्टींनी ती टिकली. पहिली, तातडीच्या नऊ रेघांसाठी पाळी लावली. त्या दीड तासात ई-वे बिल, गेट आणि फोन बघायला आमच्यातला एक जण ‘बाहेर’ असतो, रोज वेगळा. दाराला कडी घातली आणि कोणीच उघडायला नाही असं झालं, तर डिस्पॅचवाले दार ठोठावणारच. दुसरी गोष्ट, साहेबांना आधी सांगितलं. तक्रार म्हणून नाही, तर ३,६०० रुपयांची गोष्ट आणि रेघांचा कागद दाखवून. तरीही त्यांची हाक आलीच, तर आमचं ठरलेलं उत्तर आहे: “साहेब, खातं जुळवतेय. बारा वाजता घेऊन येऊ, की आत्ताच हवंय?” दहातल्या आठ वेळा ते ‘बाराला ये’ म्हणतात. नुसतं ‘नंतर’ म्हटलं की समोरच्याला टाळल्यासारखं वाटतं. घड्याळातली वेळ सांगितली की तो निर्धास्त परत जातो.

टेबलावर खूण ठेवायची तर तीही सगळ्यांना मान्य असावी लागते. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात बारा देशांतल्या ४४९ कर्मचाऱ्यांच्या टेबलावर छोटा दिवा बसवला होता. संगणकावरच्या हालचालीवरून तो आपोआप लाल किंवा हिरवा व्हायचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार व्यत्यय ४६ टक्क्यांनी कमी झाले. दिवा थांबवत नव्हता. विचारायला निघालेल्या माणसाला तो क्षणभर विचार करायला लावत होता. आमच्याकडे दिवा नाही, स्टेटमेंटवर ठेवलेली लाल पट्टी आहे. काम तेच करते.

एवढं करूनही कोणीतरी येणारच. तेव्हा मान वर करण्याआधी करायची एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगाची तीच. “एक सेकंद” म्हणायचं, पेन्सिलीने चालू ओळीवर टिक करायची आणि बाजूला लिहायचं: ‘ओळ ४७ झाली. पुढे ४८, चेक नंबर तपासायचा.’ मगच वळायचं. लरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. काम सोडताना कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे थोडक्यात लिहिलं, की मागे रेंगाळणारं लक्ष मोकळं होतं. समोरच्याचं नीट ऐकू येतं. आणि परतल्यावर आपण ओळ ४७ दुसऱ्यांदा चढवत नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेत. रिसेप्शन, डिस्पॅच, तक्रार खिडकी यांचं कामच उत्तर देण्याचं असतं. त्यांना शांत वेळ देता येत नाही, पाळीने थोडी सुटका देता येते. नवीन आलेल्या मुलाला दीड तास अडवून ठेवलं तर तो चुकीच्या वाटेने बराच पुढे जातो. त्याने प्रश्न वहीत लिहून ठेवावेत आणि बाराला सगळे एकदम विचारावेत. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं तोवर त्यालाच सापडलेली असतात.

शेवटची मर्यादा पर्लो यांच्याच अभ्यासातली आहे. त्यांचं काम संपलं आणि त्या निघून गेल्या, तसा त्या गटात जुना गोंधळ परत आला. कारण तिथे कौतुक अजूनही आग विझवायला धावणाऱ्याचंच होत होतं. आग लागूच नये म्हणून सकाळभर मान खाली घालून बसणाऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तुमच्या ऑफिसात वेळ ठरवायची असेल तर आधी वरिष्ठांशी हे बोला. आणि बोलायला जाण्याआधी पाच दिवस रेघा मारा, दोन्ही रकान्यांत. तो कागद हातात नसेल तर तुमचं म्हणणं फक्त कुरकुर वाटेल.