फोर बाय फोर वळणावर का अडते?

चिखलाची वाट संपून गाडी डांबरावर येते. पुढे पेट्रोल पंपात शिरण्यासाठी किंवा गाडी फिरवण्यासाठी चालक स्टिअरिंग पूर्ण वळवतो, आणि कुणीतरी हलकेच ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी जड होते. एक्सलरेटर थोडा जास्त दाबला की टायर चीत्कारतो, गाडी जागच्या जागी उडी मारल्यासारखा हिसका देते, दोन फूट पुढे जाते आणि पुन्हा अडते. खालून ठक्क असा आवाजही येतो. काहीतरी मोडलं या भीतीने अनेक जण थेट गॅरेज गाठतात. बहुतेक वेळा मोडलेलं काहीच नसतं. ट्रान्सफर केसचा दांडा ‘फोर हाय’मध्ये राहिलेला असतो.

थार, जिम्नी, जुनी जिप्सी या गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ती ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद इथे पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दोन प्रोपेलर शाफ्टांत वाटली जाते. ‘टू हाय’मध्ये फक्त मागचा शाफ्ट चालतो. ‘फोर हाय’ टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना दातांनी पक्के जोडले जातात, आणि एकाचे जितके फेरे तितकेच दुसऱ्याचे. त्यांच्यामध्ये थोडीफार सवलत देणारा डिफरेन्शियल या गाड्यांत नसतो. तो प्रत्येक एक्सलवर असतो, पण तिथे तो डाव्या-उजव्या चाकांतला फरक सांभाळतो. पुढच्या-मागच्या जोडीतला फरक सांभाळायला कुणीच नाही.

हा फरक वळणावर हमखास पडतो. खळ्यावर मळणीला जुंपलेल्या बैलांपैकी बाहेरचा बैल आतल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतो. गाडीची पुढची चाकंही तशीच मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची आतून कापत जातात. आकडेच पाहू. थारच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर. समजा तंग वळणावर मागच्या एक्सलचा मध्य ४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातोय. मग पुढच्या एक्सलच्या मध्याची त्रिज्या भरते सुमारे ४.७ मीटर. गाडी पूर्ण उलटी फिरवली तर मागची चाकं सरासरी १२.६ मीटर जातील आणि पुढची १४.७ मीटर. म्हणजे एका यूटर्नमध्ये दोन मीटरहून अधिक तफावत. २४५/७५ आर १६ मापाच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर असतो, तेव्हा पुढच्या चाकांना जवळजवळ एक फेरा जास्त मारायचाच आहे. एक्सलमधल्या गिअरमुळे शाफ्टवर हा फरक तीनपेक्षा जास्त फेऱ्यांचा होतो. आणि शाफ्ट तर एकमेकांना बांधलेले!

मग हा फरक जातो कुठे? आधी शाफ्ट, एक्सल, जोड आणि टायरची रबरी बाजू पिळली जाते. पीळ वाढत जातो, तसतशी गाडी अडते. शेवटी टायरची रस्त्यावरची पकड सुटते, चाक क्षणात घसरतं, पीळ मोकळा होतो, आणि तोच तो हिसका. लगेच पुढचा पीळ भरायला सुरुवात होते, म्हणून उड्या एकामागून एक येतात. चिखलात, वाळूत, सैल मुरमावर हेच चाक सहज घसरतं, त्यामुळे पीळ साठतच नाही. कोरडं डांबर मात्र चाकाला सोडत नाही. ‘फोर लो’मध्ये गोष्ट आणखी वाईट. तिथे चाकांपाशी ताकद इतकी असते की गाडी अडल्याचं चालकाला कळतच नाही, आणि भार ट्रान्सफर केसच्या चेनवर, दातांवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर पडत राहतो. ओला घाटरस्ता निसरडा वाटतो खरा, पण तंग वळणावर ओलं डांबरही पुरेसं पकडून ठेवतं. तिथे ‘फोर हाय’वर विसंबून राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा वेळी दांडा बाहेर निघत नाही, कारण दातांवर पीळ बसलेला असतो. त्याच्याशी झटापट करू नये. स्टिअरिंग सरळ करून गाडी हळू काही मीटर मागे घ्यावी. पीळ उलटा फिरून सैल होतो आणि दांडा सहज सुटतो.

आता टायर. सरळ रस्त्यावर चारही चाकं सारखंच अंतर कापतात, तेव्हा तिथे ‘फोर हाय’ बिनधोक, असं वाटतं. टायर सारखे असतील तरच ते खरं. मागचे दोन टायर फुटले म्हणून नवे घातले आणि पुढचे झिजलेलेच ठेवले, असं सर्रास होतं. नव्याची खाच १० मिलिमीटर आणि जुन्याची ४ धरली, तर त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक, म्हणजे दीड टक्का. प्रत्येक किलोमीटरला १५ मीटर! रेडियल टायरच्या आतला पोलादी पट्टा झिजत नसल्याने प्रत्यक्ष फरक या हिशेबापेक्षा कमी निघतो, पण निम्मा धरला तरी दर किलोमीटरला पुढच्या चाकांना तीन फेरे जास्त हवेत. पीळ सरळ रस्त्यावरच भरून तयार असतो. त्यात पुढचे टायर लहान असतील तर वळणाचा पीळही त्याच दिशेचा, आणि दोन्हींची बेरीज होते.

टायरवर छापलेलं माप सारखं असलं तरी खरा घेर सारखा असेलच असं नाही. कंपनी वेगळी, नक्षी वेगळी, हवा कमी-जास्त, यानेही तो बदलतो. म्हणून मोजूनच पाहावं. चारही टायरांत सारखी हवा भरावी, दांडा ‘टू हाय’मध्ये ठेवावा, पुढच्या आणि मागच्या टायरवर आणि त्याखाली जमिनीवर खडूच्या खुणा कराव्यात. गाडी सरळ रेषेत हळू ढकलून प्रत्येक चाकाचे दहा फेरे किती अंतरात पूर्ण होतात, ते टेपने मोजावं. दहा फेऱ्यांत पाव मीटर फरक आला तरी तो एक टक्का आहे. कायम चारही चाकं चालवणाऱ्या गाडीत तर हे दुर्लक्षून चालत नाही. तिथे मधला डिफरेन्शियल किंवा क्लच असतो, त्यामुळे वळणावर गाडी अडत नाही, पण विषम टायर असले की तो भाग सरळ हायवेवरही अखंड घासत आणि तापत राहतो. सुबारूचा नियम चारही टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको, इतका कडक आहे.

दांडा ‘टू हाय’वर असूनही गाडी अडत असेल, तर प्रश्न वेगळा. ट्रान्सफर केस आतून सुटलेलीच नसेल. सपाट जागी मागच्या चाकांना अडण्या लावाव्यात, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल ठेवावा आणि पुढचं एकच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावं. पुढचा शाफ्ट फिरत चाक मोकळं फिरलं, तर जोड सुटलेला आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा, बहुधा मागच्या लॉकिंग डिफरेन्शियलमध्ये किंवा चिकटलेल्या ब्रेकमध्ये. चाक जागचं हललंच नाही, तर मेकॅनिकला आधी ट्रान्सफर केसचा दांडा आणि आतला फोर्क तपासायला सांगावं. गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू देऊ नये.