जास्त नफ्याचा नग आणि रिकामा बसलेला फिटर

कुपवाड असो, मिरज असो की साताऱ्याची एमआयडीसी, छोट्या वर्कशॉपमध्ये एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडचिड होते: "ज्या नगाला जास्त सुटतात, तोच काढायचा."

एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीचे. शाफ्टमागे ५०० रुपये सुटतात आणि त्याला लेथचे ४ तास, फिटरचे २ तास लागतात. व्हॉल्व्हमागे सुटतात ४००, लेथचे २ तास, फिटरचे ३. आठवड्याला लेथचे १६० तास आहेत, फिटरचे १२०. (सुटतात म्हणजे माल वगैरे वजा जाता, फिटरचा पगार ठरलेला आहे, तो यात धरलेला नाही.)

फक्त शाफ्ट काढले तर ४० नगांत लेथ संपतो. सुटतात २०,००० रुपये, पण फिटरचे ४० तास रिकामे जातात. आता एक शाफ्ट कमी करा. लेथचे ४ तास मोकळे होतात, त्यात दोन व्हॉल्व्ह बसतात. ५०० गेले, ८०० आले! या अदलाबदलीला फिटरचे ४ तास जादा लागतात, म्हणजे ती दहा वेळा करता येते. ३० शाफ्ट, २० व्हॉल्व्ह, २३,००० रुपये.

आलेखावर हेच दिसतं. आडव्या अक्षावर शाफ्ट, उभ्यावर व्हॉल्व्ह घ्या. लेथची रेघ आडव्या ४० पासून उभ्या ८० पर्यंत, फिटरची ६० पासून ४० पर्यंत. दोन्ही रेघांच्या आत राहणारा चौकोन म्हणजे जमण्याजोगं काम. समान नफ्याची रेघ तिरकसपणा न बदलता बाहेर सरकवत न्या. ती शेवटी जिथे टेकते तो कोपरा आपला.

"दोन्ही तास पूर्ण वापरले की नफा सर्वांत जास्त", हेही खरं नाही. व्हॉल्व्हचे ४०० तसेच राहून शाफ्टला ८०० च्या वर सुटू लागले, तर नुसते शाफ्टच परवडतात, मग फिटर रिकामा बसला तरी चालेल.

"ओव्हरटाइम लावला की फायदाच." वरच्या अदलाबदलीवरून इथे फिटरच्या जादा तासाची किंमत ७५ रुपये निघते. कायद्याने ओव्हरटाइमचा दर दुप्पट. फिटरला तासाला ६० मिळत असतील तर द्यावे लागतात १२०, म्हणजे दर तासाला ४५ चा खड्डा.

"हे कॉलेजातलं गणित." १९३९ साली सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी ही पद्धत मांडली, ती लेनिनग्राडच्या प्लायवूडवाल्यांना यंत्रांवर काम कसं वाटायचं हे विचारायचं होतं म्हणून. कागदावरचा आलेख मात्र दोनच मालांपुरता. तिसरा माल आला की सिम्प्लेक्स किंवा एक्सेलचा सॉल्व्हर लागतो.