शाळेच्या कचऱ्याचे साप्ताहिक मोजमाप

बंगळूर नगरीचा कचरा वर्षानुवर्षे मावळ्ळीपुरा व मंडूर या गावांजवळ नेऊन टाकला जात असे. ग्रामस्थांच्या विरोधामुळे पहिले ठिकाण २०१२ साली व दुसरे २०१४ च्या अखेरीस बंद झाले. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने घरोघरी 'दोन डबे, एक पिशवी' ही पद्धती पाळण्याचा आदेश दिला. हिरव्या डब्यात ओला कचरा, तांबड्यात मलमपट्टीसारखा अपायकारक कचरा व पिशवीत कागद, प्लॅस्टिक इत्यादी सुका कचरा, अशी ही विभागणी होय. शाळेत ती शिकवावयाची असेल, तर फळ्यापेक्षा ताणकाटा अधिक उपयोगी पडतो.

मोजणी वरवर सोपी वाटते. परंतु नुसते वजन फसवे असते. समजा, एका शाळेत पहिल्या आठवड्यात ४० किलो ओला कचरा निघाला व दुसऱ्या आठवड्यात ३६ किलो. मुलांना वाटेल, कचरा घटला. पण पहिल्या आठवड्यात पाच दिवस रोज ४०० मुले हजर होती, म्हणजे एकूण हजेरी २,००० झाली. दुसऱ्यात सणाची सुटी येऊन चार दिवसांची मिळून हजेरी १,५०० भरली. हजेरीने भागले असता पहिल्या आठवड्यात माणशी रोज २० ग्रॅम पडतात, दुसऱ्यात २४. कचरा घटला नसून वाढला आहे! म्हणून हजेरीपट आणि कचऱ्याची वही शेजारी शेजारी ठेवावी लागते.

सुक्या कचऱ्याची पिशवी दर आठवड्यास जुन्या वर्तमानपत्रावर उलटी करून पाहणेही अवश्य आहे. तीत केळीची साल किंवा सांबारभात सापडला, तर त्याच्या ओलाव्याने भिजलेला कागद पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. हे उष्टे वेगळे तोलावे. वर्गीकरण किती चुकले, ते त्यावरून कळते.

ओला कचरा खड्ड्यात गेला की त्याचे वजन झपाट्याने उतरते. उष्ट्या अन्नात बहुतांशी पाणीच असते. ते वाफ होऊन जाते आणि जिवाणू कार्बनचा काही भाग कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात. ही घट म्हणजे मुलांची काटकसर नव्हे. यास्तव वजन खड्ड्यात टाकण्यापूर्वीच घ्यावयाचे असते.

नुसता भात व भाजीपाला साठला, तर तो थिजून हवा कोंडते आणि आंबट दुर्गंधी सुटते. अन्नात नत्राचे प्रमाण अधिक, तर वाळल्या पाचोळ्यात कार्बनचे. बंगळुराच्या वृक्षराजीमुळे पाचोळ्याला तोटा नाही. दरेक थरावर तो पसरून ढीग अधूनमधून खालीवर केल्यास हवा खेळते. अमोनियाचा उग्र वास आला, तर पाचोळा वाढवावा. मूठभर मिश्रण दाबून पाहावे: पाणी निथळले तर ते फार ओले, आणि गोळा न होता भुरभुरले तर शिंतोडा मारण्याची वेळ आली.