अठरा हजार चारशे रुपये नेमके कुठे आहेत?

लासलगावच्या बाजारात कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याला आडत्याच्या अ‍ॅपमधून १८,४०० रुपये यूपीआयने पाठवायचे आहेत, असे समजा. दुपारी १२ वाजून ४ मिनिटांनी अ‍ॅपच्या सर्व्हरने बँकेला विनंती पाठवली. तीस सेकंद वाट पाहिली, उत्तर आले नाही, जोडणी तुटली. लॉगमध्ये एकच शब्द उमटला: timeout.

नवखा डेव्हलपर इथे ‘व्यवहार फसला’ असे मानून पुन्हा पाठवतो. पण टाइमआउटने एवढेच कळते की उत्तर आपल्यापर्यंत पोचलेले नाही. विनंती वाटेतच हरवली असेल, किंवा बँकेत पोचून अजून रांगेत असेल. कदाचित शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमाही झाले असतील आणि फक्त पोच हरवली असेल. तिन्ही प्रकारांत अ‍ॅपला दिसणारे चित्र अगदी एकसारखे असते. तिसरा प्रकार घडला असताना नव्या क्रमांकाने विनंती गेली, तर शेतकऱ्याला ३६,८०० मिळतात आणि आडत्या परतफेडीसाठी फोन करत बसतो.

यावरचा इलाज टाइमआउट होण्याच्या आधीच करून ठेवावा लागतो. विनंती पाठवण्यापूर्वी सर्व्हर स्वतःचा एक क्रमांक तयार करतो, तो रकमेसकट डेटाबेसमध्ये लिहितो आणि स्थिती PENDING ठेवतो. मगच बँकेला हाक मारतो. हा क्रम उलटा झाला आणि मध्येच सर्व्हर बंद पडला, तर बँकेकडे कशाबद्दल विचारायचे हेच कुणाला ठाऊक नसते.

आता ते १८,४०० रुपये. अ‍ॅप दुसरी विनंती पाठवत नाही. आडत्याला ‘व्यवहार तपासला जात आहे’ असे दाखवते आणि ‘पुन्हा पाठवा’ हे बटण बंद ठेवते. ठरलेला वेळ गेल्यावर तोच क्रमांक देऊन ते बँकेला व्यवहाराची स्थिती विचारते. यूपीआयच्या जाळ्यात बँक पुढे एनपीसीआयला हेच विचारते. त्या संदेशाचे नाव ReqChkTxn. ‘यशस्वी’ असे उत्तर आले तर नोंद पक्की करायची. ‘फसला’ असे अंतिम उत्तर आले तरच नवा व्यवहार करायला मोकळीक. ‘प्रक्रियेत’ आले तर थांबायचे.

फसवे उत्तर चौथे: ‘असा व्यवहार सापडला नाही’. पैसे गेलेलेच नाहीत, असे वाटून डेव्हलपर सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण मूळ विनंती अजून एखाद्या रांगेत अडकलेली असू शकते आणि नंतर निघालेली चौकशी तिच्या आधी पोचलेली असू शकते. म्हणून काही वेळ जाऊ देऊन पुन्हा विचारतात. तरीही सापडला नाही आणि पैसे पाठवायचेच असतील, तर विनंती जुन्याच क्रमांकाने जाते. मग पहिली विनंती उशिरा जागी झाली तरी बँक दोहोंपैकी एकच स्वीकारते. अर्थात बँक असे दुबार क्रमांक खरोखर नाकारते का आणि किती दिवस ते लक्षात ठेवते, हे आधी विचारून आणि चाचणीच्या वातावरणात मुद्दाम दोनदा पाठवून पाहावे लागते. कागदावर लिहिलेल्यावर इथे विसंबू नये.

चौकशी फुकट आहे म्हणून दर सेकंदाला विचारण्याचा मोहही महागात पडतो. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय अडखळले. काही बँकांकडून अशा स्थिती-चौकशांचा पूर आला होता, जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हापुन्हा विचारणा होत होती, असे एनपीसीआयच्या तपासणीत दिसले. त्याच महिन्यात नियम आला: मूळ व्यवहारानंतर ९० सेकंदांनी पहिली चौकशी आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन. पुढे प्रतिसादाच्या वेळमर्यादा कमी झाल्यावर ही ९० सेकंदांची वाट ४५ ते ६० सेकंदांवर आणण्याची मुभाही त्यातच होती. हे बंधन बँकांवर असले तरी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या अ‍ॅपला आपले घड्याळ त्यानुसारच लावावे लागते.

तिन्ही चौकशांनंतरही उत्तर अर्धवटच राहणारे थोडे व्यवहार उरतात. पाठवणाऱ्याच्या खात्यातून रक्कम कापली गेली, पण घेणाऱ्याच्या बँकेने जमा झाल्याचे वेळेत कळवलेच नाही, असा हा प्रकार. इथे सर्व्हरने स्वतःच्या मनाने निकाल लावू नये. नोंद PENDING राहते आणि बँकेकडून येणाऱ्या हिशेबाच्या फाइलशी ताळा जुळवला जातो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेली रक्कम कापली जाऊन जमा झाली नाही, तर ती फार तर पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. तेवढ्या काळात आडत्याने कंटाळून दुसऱ्या अ‍ॅपमधून तेच पैसे पाठवले, तर मात्र पहिल्या अ‍ॅपच्या डेव्हलपरच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून ‘तपासला जात आहे’ या ओळीखाली रक्कम, क्रमांक आणि पुढची तपासणी किती वाजता होणार, हे तिघेही छापलेले असावे लागते.